एक गाणं, दोन चाली

एकाच कवितेला दोन चाली असल्या की ऐकणाऱ्यांच्या लगेच दोन पार्ट्या पडतात. ‘ही चांगली’, ‘छे, ती चांगली’ असं सुरू होतं आणि पाच मिनिटांत बोलणं चालीवरून माणसांवर येतं. कोण कुठल्या गावचं, कोणाला गाण्यातलं काय कळतं, कोणाचे वडील काय गायचे. मूळ प्रश्न राहतो बाजूला. मला वाटतं, ‘कुठली चांगली’ हा प्रश्नच अर्धा आहे. ‘कशासाठी चांगली’ हे शेपूट जोडल्याशिवाय त्याला उत्तर येत नाही. हे शेपूट जोडणं म्हणजेच तुलनेचा लेख लिहिणं, असं मी आता म्हणते.

आमच्या इच्छापोरच्या महिला मंडळात दर वर्षी एक हस्तलिखित निघतं. हजीरा रोडच्या कंपन्यांत नोकरीसाठी आलेली मराठी घरं आणि जुनी गुजराती घरं मिळून आम्ही वीस-बावीस बायका. पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या मैदानात झेंडा लागतो, तेव्हा ‘वंदे मातरम्’ आम्ही म्हणायचं ठरलेलं. आजवर रेडिओवर ऐकून ऐकून अंगात मुरलेली संथ चाल आम्ही म्हणत आलो. गेल्या वर्षी पुण्याहून मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू मंडळात यायला लागल्या. त्यांच्या घरात वडिलांपासून मास्टर कृष्णरावांची चाल. त्यांनी ती म्हणून दाखवली आणि झालं! अर्ध्या बायकांना ती आवडली, अर्ध्यांना ‘आपलं नेहमीचं गाणं कोणीतरी बदललं’ असं वाटलं. शेवटी सेक्रेटरी वहिनी मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही बी.ए. आहात ना, तुम्हीच लिहा दोन्हींवर. हस्तलिखितात घालू आणि मग ठरवू काय गायचं ते.” बी.ए.ला माझं मराठी होतं, संगीत नव्हतं. पण गाणं मी चाळीस वर्षं ऐकते आहे आणि पेटीवर सूर धरता येतो, तेवढ्या भांडवलावर बसले.

आधी निवड करायची होती. ‘वंदे मातरम्’च्या चाली दोनच कुठे आहेत? बंकिमचंद्रांनी ‘आनंदमठ’ कादंबरीत हे गीत घातलं, ती 1882 साली पुस्तकरूपाने आली. रवींद्रनाथांनी 1896च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते गायलं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते काफीत बांधलं. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर, म्हणजे इथून नर्मदेपर्यंत गेलं की ज्यांचं भरूच लागतं ते, यांनी 15 ऑगस्ट 1947च्या सकाळी आकाशवाणीवर ते गायलं. 1952च्या ‘आनंदमठ’ सिनेमातली हेमंतकुमारांची चाल तर सगळ्यांना पाठ. पाच-सहा चाली घेऊन बसलं की प्रत्येकीला एकेक परिच्छेद मिळतो आणि लेख म्हणजे वाण्याची यादी होते. म्हणून मी दोनच घेतल्या: रवींद्रनाथांच्या नावाने चालत आलेली देस रागाची चाल, जिच्या वळणाचं रेडिओवरचं गाणं आपण ऐकतो, आणि मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची झिंझोटीतली.

याच दोन का, हे लेखात सांगावं लागतं. दोन गोष्टींमध्ये सारखेपणा बराच असेल तरच फरकाला अर्थ येतो. कैरी आणि कढई यांची तुलना होत नाही, दोन गावच्या कैऱ्यांची होते. देस आणि झिंझोटी हे दोन्ही राग एकाच घरचे, खमाज थाटातले. दोन्हींत कोमल निषाद आहे, बाकीचे सूर शुद्ध. दोन्ही हलक्याफुलक्या गाण्याला चालणारे, फार कडक सोवळ्यातले नव्हेत. शब्द तेच, घर तेच, आणि तरी एक चाल ऐकली की माणूस डोळे मिटतो, दुसरी ऐकली की ताठ उभा राहतो. हे कशाने होतं? एवढाच माझा प्रश्न. हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि पुढे लिहिताना भरकटायला झालं की तिथे परत येत गेले.

एक मर्यादाही आधीच घालून घेतली. 1937 साली काँग्रेस कार्यकारिणीने सभांमध्ये पहिली दोनच कडवी म्हणावीत असं ठरवलं. आपल्या कार्यक्रमांतही बहुतेक तेवढीच म्हटली जातात. म्हणून तुलना दोन कडव्यांची. एका चालीची दोन आणि दुसरीची पाच कडवी घेतली तर काट्याच्या एका पारड्यात आपणच वजन टाकल्यासारखं होईल.

मग ऐकणं. इथे एक अडचण येते, ती जिला लिहायचं आहे तिला पहिल्याच दिवशी भेटते. आपण ऐकतो ते रेकॉर्डिंग. त्यात गायिकेचा गळा असतो, मागे व्हायोलिनं असतात, लहानपणची सकाळ असते. चाल त्याच्या आत कुठेतरी बसलेली असते, खोबऱ्याच्या सारणात वेलची असते तशी. ती वेगळी कशी काढायची? मी असं केलं. दोन्ही चाली ऐकून ऐकून स्वतःच्या गळ्यात बसवल्या. मग दुपारी घर शांत झाल्यावर पेटीवर एकच सूर दाबून ठेवला, सा दोन्हींना तोच, आणि एकामागोमाग एक म्हटल्या. एका सामायिकाइतका वेळ, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, रोज. माझा गळा काही लताबाईंचा नाही, पण तोच फायदा. वाईट गळा दोन्ही चालींना सारखाच वाईट. त्यातूनही जो फरक उरतो तो चालीचा.

आता निकष. वहीत मी लिहायला बसले तर अकरा झाले. कोणाचं नाव मोठं, कुठली जुनी, कुठलीत देशभक्ती जास्त, कुठली ऐकून डोळ्यांत पाणी येतं, वाद्यं कशी आहेत, आणि असेच आणखी. माझी भाची बडोद्याला गाणं शिकते. तिला फोनवर यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, “मावशी, यातला प्रत्येक निकष घेऊन गाण्यातल्या एका जागेवर बोट ठेवता येतं का बघ. जिथे ठेवता येत नाही तो काढ.” साधी गोष्ट, पण तिने काम सोपं झालं. ‘देशभक्ती जास्त’ यावर बोट कुठे ठेवणार? ते गाण्यात नसून ऐकणारीच्या मनात असतं. ‘जुनी आहे’ हे खरं असेल, पण त्याने चालीत काय होतं ते कळत नाही. वाद्यांचं तर रेकॉर्डिंगबरोबरच गेलं. मी आणखी एक चाळणी लावली: निकष कवितेतून निघालेला हवा किंवा आपल्याला तिचं जे करायचं आहे त्यातून. हवेतला नको. दोन्ही चाळण्यांतून तीन उरले. एक, चाल शब्दांना कसं वागवते. दोन, कडव्याचा अर्थ आणि चालीचा भाव यांचं जुळतं का. तीन, बायांचा घोळका ती म्हणू शकतो का.

तीनच? असं वहिनींनी विचारलं. पण तीन नीट झाले तर पुष्कळ. अकरा निकषांचा लेख म्हणजे लग्नातलं पंगतीचं ताट, प्रत्येक वाटीत चमचाभर आणि पोट कशानेच भरत नाही.

पहिला निकष शब्दांचा. ही दोन कडवी संस्कृतची आहेत आणि त्यांत समास पुष्कळ आहेत. पहिल्या कडव्यात भूमीला विशेषणं लागतात, पाण्याची, फळांची, वाऱ्याच्या गारव्याची, पिकांच्या सावळ्या रंगाची, आणि सगळी ‘म्’वर संपतात. खुद्द ‘मातरम्’सुद्धा. ‘म्’ म्हणजे ओठ मिटणं. चालीने ओठ कधी मिटायला लावायचे, हे तिने ठरवायचं असतं. देसच्या चालीत शब्दाचा शेवटचा स्वर लांब वाहतो. सूर एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात, आणि ओठ अगदी शेवटी, जणू नाइलाजाने मिटतात. शब्द ओल्या मातीसारखे एकमेकांना धरून राहतात. झिंझोटीच्या चालीत शब्द ठोक्यावर पडतो आणि ठोक्यावर संपतो. विशेषण सुटं ऐकू येतं, मोजून घेता येतं.

दुसऱ्या कडव्यात चांदण्याने पुलकित झालेल्या रात्रीचा एक लांब समास येतो. त्याच्या मध्ये श्वास घेतला तर शब्दाचे दोन तुकडे होतात आणि अर्थ सांडतो. तुम्ही स्वतः म्हणून बघा. देसच्या संथ लयीत हा समास एका श्वासात न्यायचा तर फुप्फुसं तालमीतली हवीत. आमच्यातल्या बहुतेक जणी मधेच श्वास घेतात, आणि कुठे घेतात ते प्रत्येकीचं वेगळं. झिंझोटीत लय चालती असल्यामुळे तोच समास सहज पार होतो. तेव्हा पहिल्या निकषात मी असं लिहिलं: शब्दाचा रस देसमध्ये जास्त, शब्दाचा आकार झिंझोटीत जास्त. एकीला पैकीच्या पैकी आणि दुसरीला भोपळा असं करण्याचं कारणच नाही. निकष एक असला तरी त्याचं उत्तर दोन बाजूंचं असू शकतं.

दुसरा निकष भावाचा. इथे मला रागाबद्दल थोडं सांगावं लागेल, पण घाबरू नका. देस चढताना ग आणि ध हे सूर सोडून देतो. सा, रे आणि मग एकदम म, प. रेडिओवरच्या गाण्याची सुरुवात आठवा: पहिल्यांदा नाव घेताना सूर प वर जाऊन थांबतो, दुसऱ्यांदा तिथूनच पुढे उचलून वरच्या सा ला टेकतो. चढताना निषाद शुद्ध, उतरताना कोमल, आणि उतरून शेवटी विसावा घ्यायचा तो रिषभावर. म्हणजे वर जायचं, बघायचं आणि हळूच खाली यायचं, पण अगदी जमिनीवर नाही, एक पायरी वरच. त्यामुळे देस नेहमी काहीतरी उरल्यासारखा वाटतो. हा राग पावसाशीही जोडलेला आहे, मल्हारांच्या शेजारचाच. ‘आनंदमठा’तही या गीतावर मल्हार रागाचं नाव आहे. पहिल्या कडव्यात पाणी, गार वारा, सावळी शेतं. दुसऱ्यात चांदणं, फुललेली झाडं, हसणं आणि गोड बोलणं. या दोन्ही कडव्यांत लढाई नाही, घोषणा नाही. एक माणूस उभा राहून आईसारख्या भूमीकडे बघतो आहे, एवढंच. त्या बघण्याला देसइतकं जुळणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

झिंझोटीत गंधार ठसठशीत आहे. सूर मधल्या आणि खालच्या सप्तकात रमतात, खालच्या ध पासून सा, रे, म आणि परत ग असं वळण वारंवार येतं. आपल्याकडे भजनात, नाटकाच्या पदांत हा राग पुष्कळ फिरलेला, त्यामुळे कानाला ओळखीचा. त्यात हुरहूर कमी, आश्वासन जास्त. चांदण्याच्या कडव्याला हा भाव लावला की चांदणं थोडं कमी होतं हे मला मान्य करावं लागलं. पुण्याच्या काकूंसमोर हे वाचून दाखवताना मी जरा दबकतच होते. त्या ऐकून म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. आमचे वडील म्हणायचे, ही चाल बसून ऐकायची नाही, उभं राहून म्हणायची आहे.” एवढं बोलून त्यांनी मला तिसऱ्या निकषात आपणहून नेऊन सोडलं.

तिसरा निकष घोळक्याचा. हा आमच्या मैदानातून निघालेला म्हणून आधी मला तो थोडा घरगुती वाटत होता. पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं, की याच निकषावर या गीताचा देशभर विचार झालेला आहे. 25 ऑगस्ट 1948ला पंडित नेहरूंनी संविधान सभेत राष्ट्रगीताबद्दल निवेदन केलं. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची, आणि ती वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर वाजवता आली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. ‘वंदे मातरम्’चा इतिहास मोठा, पण त्याची चाल तशी वाजवायला सोपी नाही, आणि तिच्यात लढ्याच्या काळातली आर्तता आहे, पूर्ततेचा भाव नाही, असं त्यांचं म्हणणं. आता हे देसच्या चालीला लावून बघा. मींड क्लॅरिनेटवर थोडी निघेल, पण बँडच्या पितळी वाद्यांवर ती नीट येत नाही. घसरता सूर तुटून पायऱ्या पायऱ्या होतो आणि देसचा जीवच जातो. या आक्षेपात तथ्य होतं.

मास्टर कृष्णरावांनी नेमका हाच आक्षेप मनावर घेतला. आळंदीला जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, नाटकांतून गायलेले, प्रभातच्या सिनेमांना संगीत दिलेले. म्हणजे समोर लोक बसलेत आणि गाणं त्यांच्या तोंडी बसलं पाहिजे, हे गणित त्यांना चांगलं ठाऊक. त्यांनी झिंझोटीतली आपली चाल समूहाला म्हणता येईल अशी ठेवली, बँडसाठी ती लिहवून घेतली आणि दिल्लीत सदस्यांपुढे सादर करून दाखवली. 24 जानेवारी 1950ला डॉ. राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान, असं जाहीर केलं. म्हणून काही कृष्णराव हरले असं मी लिहिलं नाही. कुठलं गीत निवडलं जावं हा वेगळा प्रश्न, आणि त्यात चालीखेरीज पुष्कळ गोष्टी होत्या. माझा प्रश्न चालीचा. बँडवर वाजणार नाही, या आक्षेपाला त्यांनी तोंडाने उत्तर न देता वाजवूनच उत्तर दिलं, एवढं नक्की.

आमच्यापुरता हा निकष मी मैदानातच तपासला. सतरा जणी उभ्या केल्या, फोन मधोमध खुर्चीवर ठेवून दोन्ही चाली रेकॉर्ड केल्या. कोणाला काय तपासते आहे ते सांगितलं नाही. देसमध्ये तीन ठिकाणी गडबड ऐकू आली आणि ती चुकून झालेली नव्हती, चालीतूनच येत होती. एक, वरच्या सा च्या आसपास. पेटीचा सा काळी चारला धरला होता. तिथे वर जाताना निम्म्या जणी गप्प झाल्या आणि उरलेल्यांचे आवाज चिरले. सा खाली आणला तर खालचे सूर पुटपुटल्यासारखे झाले. दोन, निषाद. चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल हे शिकलेल्या गळ्याला जमतं. आमच्यातल्या बऱ्याच जणी दोन्हींच्या मधलाच एक निषाद लावतात, तो ना इकडचा ना तिकडचा. एकटीने लावला तर चालून जातो, सतरा जणींनी लावला की पेटी बिघडली की काय असं वाटतं. तीन, ते ‘म्’ मिटणं. संथ लयीत ठोका ऐकू येत नाही, त्यामुळे पहिलीचे ओठ मिटले तरी शेवटचीचा स्वर चालूच.

झिंझोटीत यातल्या दोन गोष्टी आपोआप सुटल्या. राग मधल्या सप्तकात रमणारा, त्यामुळे आवाज चिरले नाहीत. ठोका पक्का, त्यामुळे ‘म्’ बहुतेक एकदम मिटले. पण तिथेही एक खोट निघाली, ती मी लेखात घातली. घोळक्याला ठोका मिळाला की तो धावायला लागतो. दुसरं कडवं संपेपर्यंत आमची लय इतकी वाढली होती की चांदण्याची रात्र बस पकडायला निघाल्यासारखी वाटली. समूहाला सोपी चाल म्हणजे समूहाने बिघडवता न येणारी चाल नव्हे. ती फक्त वेगळ्या जागी बिघडते.

हे सगळं हातात आल्यावर मांडणीचा प्रश्न आला. माझा पहिला खर्डा असा होता: आधी देसबद्दल सगळं, मग झिंझोटीबद्दल सगळं, शेवटी चार ओळींची तुलना. लिहायला हे सगळ्यात सोपं. वाचून बघितलं तर दोन वेगळे लेख टाचणीने जोडल्यासारखे. झिंझोटीचा ‘म्’ वाचताना देसचा ‘म्’ दोन पानं मागे राहिलेला, वाचणारीने तो कशाला लक्षात ठेवावा? म्हणून खर्डा मोडला आणि निकषांप्रमाणे बांधला. शब्द: देस, झिंझोटी. भाव: देस, झिंझोटी. घोळका: देस, झिंझोटी. दोन्ही चाली सतत शेजारी शेजारी बसलेल्या. कपडे घेताना दोन साड्या एकाच दिव्याखाली धरतो ना, तसं. आधीची पद्धत कधी चालते? दोन्ही चाली वाचणारीला अनोळखी असतील आणि एकेकीचा अख्खा परिचय करून द्यायचा असेल तर. आमच्या बायकांना दोन्ही पाठ होत्या.

निकषांचा क्रमही उगाच नव्हता. शब्द आधी घेतले, कारण ते कवितेच्या सगळ्यात जवळ आणि कोणालाही तपासता येतात. घोळका शेवटी, कारण भांडण तिथेच होतं. भांडणाची गोष्ट आधी काढली तर पुढचं कोणी वाचत नाही, जी ती आपली बाजू शोधत बसते.

शेवटी निष्कर्ष. इथे मी दोन दिवस अडले. दोन्ही आपापल्या जागी छान, असं लिहिणं म्हणजे पाहुण्यांना ‘सगळंच छान झालंय’ म्हणण्यासारखं, त्याने कोणाचंच समाधान होत नाही. मग कादंबरीतलं सबंध गीत अर्थासह परत वाचलं आणि तिसऱ्या कडव्यापाशी थांबले, जे आपण म्हणत नाही. तिथे गीत एकदम बदलतं. एका माणसाचं बघणं संपतं आणि कोट्यवधी गळे, कोट्यवधी हात येतात. आवाजाची गर्जना येते. आणि मला एकदम सुचलं, की घोळक्याचा निकष मी मैदानातून कवितेवर लादला असं मला जे वाटत होतं ते तितकं खरं नाही. तो कवितेच्याच पोटात होता, फक्त न म्हटल्या जाणाऱ्या कडव्यात. म्हणून माझं शेवटचं वाक्य असं झालं: देसची चाल आपण म्हणतो त्या दोन कडव्यांचा अर्थ गाते, आणि झिंझोटीची चाल आपण म्हणत नाही त्या तिसऱ्या कडव्याचा आवाज त्याच दोन कडव्यांना देते. एकटीने म्हणायचं तर देस. उभं राहून सगळ्यांनी म्हणायचं तर झिंझोटी, मात्र लय धरणारी एक जण पुढे हवी.

माझ्या भाचीने यावर एक शंका काढली, आणि ती मी लेखात तशीच ठेवली. ती म्हणाली, “मावशी, मास्टर कृष्णरावांनी तिसरं कडवं डोळ्यांपुढे ठेवून चाल केली असं तू म्हणतेस का?” तसं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात काय होतं याचा दाखला माझ्याकडे नाही, आणि चाल बांधणाऱ्याच्या मनातलं सांगणं हे चालीची तुलना करणारीचं काम नाही. मी एवढंच म्हणते, की सूर आणि शब्द शेजारी ठेवल्यावर असं ऐकू येतं. कोणाला दुसरं ऐकू येत असेल तर तिनेही त्या जागेवर बोट ठेवून दाखवावं.

लेख हस्तलिखितात सात पानं झाला. वाचून झाल्यावर पहिल्याच बैठकीत एका भाभींनी बोट ठेवलंच. म्हणाल्या, “बेन, चिरणारा आवाज चालीचा दोष कसा? सा दोन सूर खाली घ्या आणि खालचे सूर मोठ्याने म्हणायची सवय करा, मग बघू.” मुद्दा रास्त आहे. पेटी घेऊन पुढच्या बुधवारी आम्ही तेच करून बघणार आहोत, सा काळी दोनला धरून.